पहिल्यांदा शेअर किंवा फंड विकलात? मग आधी विक्रीची तारीख लिहून ठेवा

पगारातून कंपनी कर कापते, मुदत ठेवीच्या व्याजातून बँक कापते. त्यामुळे नोकरदार माणसाला एक सवय लागलेली असते: कर म्हणजे आपल्या हातात पैसे येण्याआधीच कोणीतरी कापून घेतो ती गोष्ट. शेअर किंवा म्युच्युअल फंडाची युनिट्स विकल्यावर मात्र असं होत नाही. भारतात राहणाऱ्या माणसाच्या विक्रीतून ब्रोकर भांडवली नफ्यावरचा कर कापत नाही, फंड कंपनीही कापत नाही. पूर्ण रक्कम खात्यात येते आणि हिशोब तुमच्यावर येतो. विक्रीच्या रकमेतून एसटीटी कापल्याचं दिसतं, पण तो व्यवहारावरचा वेगळा कर आहे, तुमच्या नफ्यावरचा नाही.

मग लोक जुलैपर्यंत थांबतात आणि रिटर्न भरताना कर भरू म्हणतात. तिथेच आयकर कायद्याच्या दोन कलमांचं व्याज लागतं: आगाऊ कर, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर, कमी भरल्याचं २३४बी आणि त्याचे हप्ते चुकल्याचं २३४सी. ते टाळणं फारसं अवघड नाही, फक्त विक्री कोणत्या तारखेला झाली याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. आगाऊ कर कधी भरायचा तेही त्या तारखेवरून ठरतं, आणि रिटर्नमध्ये नफा कोणत्या रकान्यात लिहायचा तेही त्याच तारखेवरून.

खालचा सगळा हिशोब १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या आर्थिक वर्षाचा आहे.

आधी नफ्याची जात ओळखा

शेअर बाजारात नोंदलेले शेअर आणि इक्विटी फंडाची युनिट्स यांना एकच नियम आहे. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवून विकलं तर नफा दीर्घकालीन, नाहीतर अल्पकालीन. अल्पकालीन नफ्यावर २० टक्के. दीर्घकालीन नफ्यातले वर्षाचे पहिले सव्वा लाख रुपये करमुक्त आणि त्यावरच्या रकमेवर १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासून आहेत. त्याआधीचे १५ आणि १० टक्के अजूनही जुन्या लेखांत सापडतात, त्यावर विसंबू नका. कराच्या रकमेवर ४ टक्के उपकर वेगळा.

सव्वा लाखाची सूट प्रत्येक फंडाला किंवा प्रत्येक विक्रीला नाही, माणसाला वर्षातून एकदाच आहे. आणि ती फक्त दीर्घकालीन नफ्याला. अल्पकालीन नफा हजार रुपयांचा असला तरी तो करपात्रच.

डेट फंडाचं गणित निराळं आहे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेली डेट फंडाची युनिट्स कितीही वर्षं ठेवली तरी नफा अल्पकालीनच धरला जातो आणि तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. या लेखात पुढे इक्विटीचंच बोलतो, कारण पहिल्यांदा विकणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तेच असतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करच नाही, मग मला काय?’ बारा लाखांपर्यंतचा कर शून्य होतो तो कलम ८७ए च्या सवलतीमुळे, आणि नव्या पद्धतीत ती सवलत विशेष दराच्या, म्हणजे वरच्या २० आणि १२.५ टक्क्यांच्या, नफ्यावरच्या कराला मिळत नाही. म्हणजे पगार नऊ लाख असेल तर पगारावरचा कर शून्य होईल, पण शेअरवरच्या अल्पकालीन नफ्याचे २० टक्के भरावेच लागतील. त्याचप्रमाणे जुन्या पद्धतीत राहिलात तरी ८०सी वगैरेच्या वजावटी या नफ्यातून मिळत नाहीत.

उलट ज्यांचं बाकी उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्याही खाली आहे त्यांना एक फायदा आहे. समजा आईच्या नावावर फंड होता आणि तिचं व्याजाचं उत्पन्न वर्षाला एक लाख आहे. नव्या पद्धतीत मूळ मर्यादा चार लाख, म्हणजे तीन लाखांची जागा रिकामी. भारतातला रहिवासी ही रिकामी जागा शेअर-फंडाच्या नफ्याने भरू शकतो आणि उरलेल्यावरच कर देतो. दुबई किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या अनिवासी मराठी माणसाला ही सोय नाही. त्याच्या फंड विक्रीतून मात्र फंड कंपनी कर कापूनच पैसे देते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ

समजा नाशिकची मेधा. पगार असा की कंपनी दरमहा टीडीएस कापते आणि पगारावरचा सगळा कर त्यात भागतो. तिने जानेवारी २०२० पासून एका इक्विटी फंडात दर महिन्याच्या ५ तारखेला पाच हजारांची एसआयपी केली. १० नोव्हेंबर २०२५ ला फ्लॅटसाठी पैसे हवे होते म्हणून सगळी युनिट्स विकली. हातात ५,८४,००० रुपये आले.

एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते. एसआयपी सहा वर्षं चालली म्हणून सगळा नफा दीर्घकालीन होत नाही. ५ नोव्हेंबर २०२४ पर्यंतच्या ५९ हप्त्यांना विक्रीच्या दिवशी बारा महिने उलटून गेले होते. त्यांची खरेदी २,९५,००० आणि विक्री समजा ५,२०,००० रुपये, म्हणजे दीर्घकालीन नफा २,२५,०००. डिसेंबर २०२४ पासूनच्या बारा हप्त्यांची खरेदी ६०,००० आणि लवकर विकल्याबद्दल फंड कापून घेतो तो एक्झिट लोड वजा जाऊन विक्री ६४,०००, म्हणजे अल्पकालीन नफा ४,०००.

ही विभागणी हाताने करत बसायची गरज नाही. फंडांची नोंदणी सांभाळणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्थांच्या संकेतस्थळांवरून पॅन आणि ईमेल देऊन कॅपिटल गेन स्टेटमेंट मागवता येतं. तुमचे फंड दोन्हीकडे विभागलेले असतील तर दोन्ही मागवा. शेअरसाठी ब्रोकरच्या ॲपमध्ये ‘Tax P&L’ नावाचा अहवाल असतो. दोन्हीकडे जे आधी घेतलं ते आधी विकलं असंच धरतात. आपण मनाने ‘मी नवीन युनिट्स विकली’ असं ठरवू शकत नाही.

जाता जाता, एका फंडातून दुसऱ्यात ‘स्विच’ करणं ही करासाठी विक्रीच असते. एकाच योजनेच्या रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये गेलात तरीसुद्धा. बँकेत पैसे आले नाहीत म्हणून हे व्यवहार लोकांच्या लक्षात राहत नाहीत, पण स्टेटमेंटमध्ये ते येतात.

आता मेधाचा नोव्हेंबरचा कर. २,२५,००० मधून १,२५,००० वजा केले की १,००,००० उरले; त्याचे १२.५ टक्के म्हणजे १२,५००. चार हजारांचे २० टक्के म्हणजे ८००. बेरीज १३,३००, त्यावर ४ टक्के उपकर ५३२. एकूण १३,८३२ रुपये.

हा कर कधी भरायचा

वर्षभराच्या कराच्या अंदाजातून टीडीएस वजा केल्यावर दहा हजार किंवा त्याहून जास्त देणं उरत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. साठ किंवा त्याहून जास्त वय असलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या रहिवासी ज्येष्ठांना यातून सूट आहे. त्यांनी रिटर्न भरण्याआधी कर भरला तरी चालतं.

आगाऊ कराच्या चार तारखा आहेत. १५ जूनपर्यंत वर्षाच्या कराचा १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के. हे वाचून नवखा माणूस घाबरतो: नोव्हेंबरमध्ये आपण विकणार आहोत हे जूनमध्ये कसं कळणार? कायद्यालाही हे मान्य आहे. भांडवली नफ्यासाठी २३४सी मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. नफा झाल्यानंतर जे हप्ते येतील त्यांत त्या नफ्यावरचा कर भरला तर आधीच्या हप्त्यांसाठी व्याज नाही. आणि १५ मार्चनंतर विकलं असेल, म्हणजे एकही हप्ता उरला नसेल, तर ३१ मार्चपर्यंत भरायचा.

मेधाने १० नोव्हेंबरला विकलं, तेव्हा पुढचा हप्ता १५ डिसेंबरचा. नियमाने तेव्हा ७५ टक्के, म्हणजे १०,३७४ रुपये पुरले असते आणि बाकीचे १५ मार्चला. मी तरी डिसेंबरमध्येच सगळे भरायला सांगेन. पैसे तेव्हा खात्यात असतात. मार्चपर्यंत ते फ्लॅटच्या बयाण्यात जातात आणि चलन विसरतं. मेधानेही १३,८३२ एकदमच भरले असं धरू.

पुढे ५ फेब्रुवारी २०२६ ला तिने एका कंपनीचे २०० शेअर ७०० रुपयांनी विकले. ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० ने घेतले होते. विक्री १,४०,०००, खरेदी १,००,०००, दोन्ही वेळची दलाली वगैरे ३०० रुपये. दलाली नफ्यातून वजा होते, एसटीटी होत नाही. कॉन्ट्रॅक्ट नोटवर दोन्ही वेगळे दाखवलेले असतात. अल्पकालीन नफा ३९,७००, कर ७,९४०, उपकरासह ८,२५८. हा भरायचा १५ मार्चपर्यंत.

आणि २४ मार्चला, वर्ष संपता संपता, तिने आणखी एक शेअर विकला ज्यात १५,००० अल्पकालीन नफा झाला. कर ३,०००, उपकरासह ३,१२०. बहुतेकांना वाटतं १५ मार्च गेली, आता थेट रिटर्नच्या वेळी. तसं नाही. हे ३,१२० रुपये ३१ मार्चपर्यंत भरायचे, आणि तेही आगाऊ कर म्हणूनच.

तिन्ही मिळून २५,२१०. वर्षाचा एकत्र हिशोब करून बघा: दीर्घकालीन १२,५०० आणि अल्पकालीन ५८,७०० रुपयांचे २० टक्के ११,७४०, मिळून २४,२४०, उपकर धरून तेवढेच येतात.

तिने काहीच भरलं नसतं आणि २० जुलै २०२६ ला कर भरून रिटर्न दिलं असतं तर? २३४बी खाली एप्रिल ते जुलै अशा चार महिन्यांचे दरमहा एक टक्का, म्हणजे २५,२०० वर १,००८ रुपये. महिन्याचा एक दिवस जरी आला तरी पूर्ण महिना धरतात. त्याशिवाय २३४सी खाली डिसेंबरच्या हप्त्याचे तीन महिन्यांचे आणि मार्चचा एक महिन्याचा टक्का, पाचशे-सहाशेच्या दरम्यान. म्हणजे सगळे मिळून दीड हजारांच्या थोडं वर. घर बुडवणारी रक्कम नाही. पण नफा वीस लाखांचा असेल तेव्हा हाच हिशोब चांगलाच बोचतो. आणि हे व्याज काही कारण सांगून माफ करून घेऊ म्हटलं तर तसा मार्ग सहज मिळत नाही.

नोकरदारांसाठी आणखी एक वाट आहे. वर्ष संपायच्या आत कंपनीच्या पेरोल विभागाला हा नफा ‘इतर उत्पन्न’ म्हणून कळवला तर ते उरलेल्या पगारातून तेवढा टीडीएस जास्त कापू शकतात. मग आगाऊ कराचं चलन काढायलाच नको. पण बऱ्याच कंपन्या जानेवारीतच माहिती घेणं बंद करतात, आणि किती नफा झाला हे पेरोलवाल्यांना सांगायचं का हा ज्याचा त्याचा प्रश्न.

चलन भरताना

आयकर विभागाच्या incometax.gov.in वर पहिल्याच पानावर ‘e-Pay Tax’ ची जोडणी आहे. लॉगिन न करताही पॅन आणि मोबाइलवर आलेल्या ओटीपीने आत जाता येतं. तिथे ‘Income Tax’ चा चौकोन निवडायचा आणि मग दोन गोष्टी नीट बघायच्या.

पहिली, वर्ष. २०२५-२६ मध्ये विकलं म्हणून हात आपोआप २०२५-२६ वर जातो, पण तिथे विचारतात ते करनिर्धारण वर्ष, म्हणजे पुढचं. आपल्या उदाहरणात ‘Assessment Year’ २०२६-२७. इथे चूक झाली तर पैसे मागच्या वर्षाच्या खात्यात जमा होतात आणि या वर्षी तुम्ही काहीच भरलं नाही असं दिसतं. पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोय आहे, पण ती थोडेच दिवस उघडी असते. त्यानंतर करनिर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

दुसरी, भरण्याचा प्रकार. ३१ मार्चपर्यंत ‘Advance Tax (100)’. एप्रिलपासून रिटर्न भरेपर्यंत काही उरलं असेल तर ‘Self-Assessment Tax (300)’.

पुढच्या पानावर रक्कम कर, अधिभार, उपकर अशी तोडून विचारतात. तोडून लिहा किंवा सगळी ‘Tax’ च्या रकान्यात टाका, जमेच्या हिशोबात फरक पडत नाही. नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा यूपीआयने पैसे भरले की पावती उतरवून ठेवा. तिच्यावर बँक शाखेचा सात आकडी बीएसआर क्रमांक, चलन क्रमांक आणि तारीख असते. रिटर्नमध्ये हेच तीन आकडे लागतात. काही दिवसांनी फॉर्म २६एएस आणि एआयएस या, विभागाने ठेवलेल्या तुमच्या कर आणि व्यवहारांच्या तपशिलांत ती नोंद दिसायला हवी. दिसली की काम झालं.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे आणि त्यात आर्थिक वर्ष व करनिर्धारण वर्ष हा दुहेरी घोळ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. म्हणजे त्या तारखेनंतर केलेल्या विक्रीचा आगाऊ कर भरताना कर वर्ष २०२६-२७. मेधाच्या २०२५-२६ च्या व्यवहारांना मात्र १९६१ चा जुना कायदाच लागू. काही काळ दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी दिसतील, तेव्हा घाई करू नका.

रिटर्नमध्ये नफा कुठे लिहायचा

वर्षभरात फक्त दीर्घकालीन नफा असेल, तो सव्वा लाखाच्या आत असेल आणि पुढे ओढायचा तोटा नसेल तर रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालतो. ही सोय करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून मिळाली. अल्पकालीन नफा एक रुपयाही असला तर आयटीआर-२. आणि एकदा गंमत म्हणून सकाळी घेऊन दुपारी विकलेला शेअर असेल, म्हणजे इंट्राडे, किंवा फ्युचर्स-ऑप्शन्सचा एखादा व्यवहार असेल, तर ते भांडवली नफ्यात मोडत नाही. ते धंद्याचं उत्पन्न आहे आणि आयटीआर-३ लागतो. ब्रोकरच्या अहवालात इंट्राडेचा भाग वेगळा असतो, तो आधी शोधा.

मेधाचा आयटीआर-२. दीर्घकालीन नफा आधी ‘Schedule 112A’ मध्ये भरतात. तिथे खरेदी ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची की नंतरची हे विचारतात. नंतरची असेल तर सगळे व्यवहार एका ओळीत एकत्र लिहिता येतात: विक्री ५,२०,०००, खरेदी २,९५,०००. आधीची खरेदी असेल तर प्रत्येक कंपनी किंवा योजना तिच्या आयएसआयएन या ओळख क्रमांकासह वेगळी लिहावी लागते. कारण तेव्हापर्यंतचा नफा करमुक्त होता आणि तो तसाच ठेवायला एक सूत्र आहे. ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभाव आणि विक्रीची किंमत यांतली कमी ती घ्यायची. तिच्यात आणि प्रत्यक्ष खरेदीच्या किमतीत जी जास्त, ती खरेदी समजायची. वडिलांनी पूर्वी घेतलेले शेअर वारसाहक्काने आले असतील तर हे हमखास लागतं, कारण तिथे खरेदीची किंमत आणि तारीख वडिलांचीच धरतात.

अल्पकालीन नफा ‘Schedule CG’ मध्ये थेट जातो: एकूण विक्री, खरेदी, विक्रीचा खर्च. सव्वा लाखाची सूट तुम्ही वजा करायची नाही. २,२५,००० पूर्ण लिहा. सूट पुढे विशेष दराच्या तक्त्यात आपोआप धरली जाते. काही जण आधीच वजा करून एक लाखच लिहितात, आणि मग विक्री-खरेदीचे आकडे जुळेनात म्हणून डोकं धरून बसतात.

ज्या तक्त्यात सगळे अडखळतात

‘Schedule CG’ च्या अगदी शेवटी ‘F’ नावाचा तक्ता आहे. नफा कोणत्या काळात झाला हे तो विचारतो आणि त्याला पाच रकाने आहेत: १५ जूनपर्यंत, १६ जून ते १५ सप्टेंबर, १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर, १६ डिसेंबर ते १५ मार्च, आणि १६ ते ३१ मार्च. आगाऊ कराच्या चार तारखा आणि त्यांच्यानंतरचे सोळा दिवस. प्रत्येक दराच्या नफ्याची ओळ वेगळी.

मेधा असं भरेल. दीर्घकालीन १२.५ टक्क्यांच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात २,२५,०००. अल्पकालीन २० टक्क्यांच्या ओळीत तिसऱ्यात ४,०००, चौथ्यात ३९,७००, पाचव्यात १५,०००. ओळीची बेरीज वर लिहिलेल्या नफ्याइतकी असायला हवी; तोटा वजा झाला असेल तर वजा झाल्यानंतरच्या रकमेइतकी. नाही जुळली तर पोर्टल चूक दाखवतं.

आणि इथेच लोक कंटाळून सगळा नफा पहिल्या रकान्यात टाकतात, कारण बेरीज जुळते आणि लाल अक्षरं जातात. त्याचा अर्थ असा होतो की नफा जूनच्या आधीच झाला होता आणि तुम्ही जून, सप्टेंबरचे हप्ते चुकवले. मेधाने सगळा कर वेळेवर भरलेला असूनही तिच्यावर २३४सी चं सुमारे ६३० रुपये व्याज लागलं असतं: जूनचे १११, सप्टेंबरचे ३३९, डिसेंबरचे १५० आणि मार्चचे ३१. उलट सगळं शेवटच्या रकान्यात लिहिलं तर व्याज वाचतं, पण ते खोटं आहे आणि विक्रीच्या तारखा एआयएसमध्ये विभागाकडे आहेतच. ब्रोकरचे बहुतेक अहवाल ही पाच भागांची विभागणी करूनच देतात. फंडाच्या स्टेटमेंटमध्ये नसेल तर विक्रीच्या तारखा पाहून स्वतः बेरीज करा.

तोट्याबद्दल थोडं, कारण पहिल्या वर्षी तोही असतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. दोन्ही आठ वर्षं पुढे नेता येतात, मात्र रिटर्न मुदतीत भरलं तरच. आयटीआर-२ साठी एरवी ही मुदत ३१ जुलै. एक बोचरी गोष्ट: तोटा सव्वा लाखाच्या सुटीच्या आधी वजा होतो. वर्षात १,१०,००० दीर्घकालीन नफा आणि ४०,००० दीर्घकालीन तोटा असेल तर नफ्यावर तसाही कर नव्हता, पण तोटा त्यातच खर्ची पडतो आणि पुढच्या वर्षासाठी काही उरत नाही. तेव्हा मार्चमध्ये ‘तोट्याचे शेअर काढून टाका, कर वाचेल’ असा सल्ला मिळाला तर आधी आपला दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या वर आहे का ते बघा.

एआयएसशी ताळा

रिटर्न दाखल करण्याआधी पोर्टलवरचं एआयएस उघडून प्रत्येक विक्री तुमच्या कागदांशी जुळवा. विक्री एकही सुटू देऊ नका, पण तिथले आकडे जसेच्या तसे उचलूही नका. शेअरच्या विक्रीची किंमत तिथे अंदाजाने, त्या दिवसाच्या भावावरून धरलेली असू शकते आणि खरेदीची किंमत कधी कोरी तर कधी शून्य असते. दुसऱ्या ब्रोकरकडून डिमॅट खातं हलवलं असेल तर हे विशेष घडतं. तुमचा पुरावा कॉन्ट्रॅक्ट नोट आणि फंडाचं स्टेटमेंट. रिटर्नमध्ये त्यातले आकडे लिहा आणि एआयएसमधल्या चुकीच्या नोंदीवर तिथेच प्रतिसाद नोंदवा. बोनस शेअरची खरेदी किंमत मात्र खरोखरच शून्य असते, म्हणून तिथे शून्य दिसलं तर ती चूक समजू नका. शेअरचं विभाजन झालं असेल तर जुनी किंमत त्याच प्रमाणात विभागली आहे ना, हे ब्रोकरच्या अहवालात एकदा तपासा.

शेवटी ‘Tax Paid’ च्या भागात तिन्ही चलनं आली आहेत का ते पाहा, नसतील तर बीएसआर क्रमांक, तारीख आणि चलन क्रमांक टाकून जोडा. रिटर्न दाखल केल्यावर तीस दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर ते वेळेत दाखल झालं असं धरलं जात नाही. मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. तिच्यात दोन रकाने शेजारी असतात, तुम्ही लिहिलेलं आणि विभागाने काढलेलं. २३४सी च्या ओळीत दोघांचे आकडे वेगळे दिसले तर आधी तुमचा ‘F’ तक्ता आणि चलनांच्या तारखा समोर ठेवून बघा. चूक तुमच्या तक्त्यात असेल तर मुदत असेपर्यंत सुधारित रिटर्न भरा; तक्ता बरोबर असूनही आकडा चुकला असेल तर पोर्टलवरून दुरुस्तीची विनंती करा.